ग्रेव्ह्जची गोळी कधी सुटणार?

'थायरॉइड आहे' म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी आणि वाढलेलं वजन येतं. ग्रेव्ह्जच्या आजारात सगळं उलट असतं. भूक भरपूर, तरी वजन उतरत जातं. हात थरथरतात, जिना चढताना छातीत धडधडतं, पंख्याखाली बसूनही घाम फुटतो. काहींचे डोळे बटबटीत दिसू लागतात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज या डॉक्टरांनी 1835 साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव.

आजार थायरॉइडमध्ये दिसतो, पण मूळ असतं प्रतिकारशक्तीच्या चुकीत. शरीर एक अँटीबॉडी तयार करतं आणि ती थायरॉइडच्या पेशींवरच्या टीएसएच रिसेप्टरला जाऊन चिकटते. मेंदूकडून हुकूम आल्यासारखी ग्रंथी हार्मोन बनवत सुटते. या अँटीबॉडीला रिपोर्टमध्ये 'ट्रॅब' म्हणतात. वाचकांनी हे एक नाव लक्षात ठेवावं, पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

आपल्याकडे यावर सर्रास दिलं जाणारं औषध कार्बिमॅझोल. शरीरात गेल्यावर त्याचं मेथिमॅझोल होतं आणि ते नवीन हार्मोन बनण्याची प्रक्रिया रोखतं. ग्रंथीत आधीच साठलेल्या हार्मोनवर मात्र त्याचा इलाज नसतो. तो साठा संपेपर्यंत तीन ते सहा आठवडे जातात. 'पंधरा दिवस झाले, काही फरक नाही' ही तक्रार म्हणूनच इतकी ऐकू येते. मधल्या काळात धडधड आवरायला बीटा ब्लॉकर देतात.

आता औषध द्यायचं कसं, याच्या दोन रीती आहेत. पहिलीत सुरुवात मोठ्या डोसने होते आणि दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासून तो उतरवत आणतात. शेवटी पाच-दहा मिलिग्रॅमवर स्थिरावून एकूण बारा ते अठरा महिने उपचार चालतो. हिला टायट्रेशन म्हणतात. दुसरी रीत 'ब्लॉक अँड रिप्लेस'. हिच्यात डोस उतरवत नाहीत. तीस-चाळीस मिलिग्रॅम कायम ठेवून ग्रंथीचं काम जवळपास थांबवतात आणि टी-फोर नॉर्मलला आलं की थायरॉक्सिनची गोळी जोडतात. सोसायटीची मुख्य लाइन बंद करून टँकर मागवावा, तसा हा प्रकार. पाणी मिळतं, पण ते बाहेरून येतं.

हे करण्यामागे तर्क होता. एक म्हणजे मोठा डोस प्रतिकारशक्तीलाही थोडं शांत करेल. दुसरं म्हणजे बाहेरून हार्मोन मिळाल्यावर ग्रंथी निवांत राहील आणि अँटीबॉडीला चेव येणार नाही. 1991 साली जपानमधल्या एका अभ्यासाने तर खळबळ उडवली. मेथिमॅझोलच्या जोडीला थायरॉक्सिन दिलेल्या आणि नंतरही ते चालू ठेवलेल्या रुग्णांपैकी जेमतेम 1.7 टक्क्यांमध्ये आजार उलटला. थायरॉक्सिन न मिळालेल्या गटात हे प्रमाण 34.7 टक्के होतं. एका स्वस्त गोळीने एवढा फरक पडत असेल तर जगभरच्या डॉक्टरांनी ती उचलून धरणं साहजिकच होतं. पण एडिंबरामध्ये आणि इतरत्र तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक दिसेना. युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून मेथिमॅझोलच्या 10 आणि 40 मिलिग्रॅमची तुलना केली. तिथेही आजार उलटण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

सगळे अभ्यास एकत्र मांडणाऱ्या कोक्रेन आढाव्याचा निकालही तोच आहे. ब्लॉक अँड रिप्लेसनंतर 51 टक्के रुग्णांमध्ये आजार परतला, टायट्रेशननंतर 54 टक्क्यांमध्ये. हा फरक नसल्यातच जमा. पण अंगावर पुरळ उठण्याचं प्रमाण मोठ्या डोसच्या गटात 10 टक्के आणि दुसऱ्यात 5 टक्के होतं. दुष्परिणामांमुळे औषध सोडावं लागलेले अनुक्रमे 16 आणि 9 टक्के. फायदा तितकाच आणि त्रास जवळपास दुप्पट असेल, तर नेहमीच्या रुग्णाला डोस उतरवण्याचीच रीत द्यावी, हे माझं सरळ मत.

ब्लॉक अँड रिप्लेस अगदी मोडीत निघालेली नाही. काही रुग्णांचं टी-फोर डोस जरा कमी केला की उसळतं, जरा वाढवला की तळाला जातं. तपासणीला वरचेवर येणं काहींना जमत नाही. अशांना ती सोयीची पडते. (मुलांमध्ये तिच्यामुळे पातळी अधिक स्थिर राहील अशी आशा होती; ब्रिटनमधल्या तुलनेत तसं दिसलं नाही.) गरोदरपणात मात्र ती चालत नाही. कार्बिमॅझोल वारेतून बाळापर्यंत सहज पोहोचतं, थायरॉक्सिन फारसं पोहोचत नाही. आईचे रिपोर्ट उत्तम आणि बाळाची थायरॉइड दबलेली, अशी स्थिती होऊ शकते. आपल्याकडची आणखी एक अडचण घरगुती आहे. एक गोळी हार्मोन कमी करणारी आणि दुसरी वाढवणारी, हे पाहून रुग्ण गोंधळतो. घरातलं कुणी तरी 'दोन्ही थायरॉइडच्याच ना' म्हणून एक बंद करायला लावतं. कार्बिमॅझोल सुटलं आणि थायरॉक्सिन चालू राहिलं तर आजार दुपटीने भडकतो.

मग आजार उलटणार की नाही, हे ठरतं कशावर? मुख्यतः रुग्ण पहिल्यांदा दवाखान्यात येतो तेव्हा आजार किती जोरात आहे, यावर. 2016 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी यासाठी एक गुणपद्धत मांडली. तिला 'ग्रेट स्कोअर' म्हणतात. एक कल्पित रुग्ण घेऊन ती पाहू. नाव माधुरी, वय 34, शाळेत शिक्षिका.

वय चाळिशीच्या आत, म्हणून 1 गुण. फ्री टी-फोर 3.6 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. इथे थोडं गणित लागतं, कारण स्कोअर पिकोमोल प्रति लिटरमध्ये आहे आणि आपल्या लॅब बहुधा नॅनोग्रॅममध्ये आकडा देतात. 3.6 ला 12.87 ने गुणलं की साधारण 46 येतात. 40 किंवा त्याहून जास्त असेल तर 1 गुण, म्हणून इथेही 1. ट्रॅब 11 युनिट आहे. 6 ते 20 च्या मधे असल्यास 1 गुण आणि 20 पासून पुढे 2. तिला 1. शेवटी गलगंड. मान सरळ ठेवूनही तिची गाठ समोरच्याला दिसते, त्याचे 2. बेरीज झाली 5.

मूळ अभ्यासात 0 ते 1 गुण मिळवणाऱ्यांपैकी 16 टक्के रुग्णांमध्ये औषध थांबवल्यावर आजार परतला. 2 ते 3 गुणांच्या गटात 44 टक्के आणि 4 ते 6 च्या गटात 68 टक्के. म्हणजे माधुरीसारख्या तीन जणींपैकी दोघींचा आजार परतेल. उलट, पन्नाशीचा एखादा गृहस्थ टी-फोर 2.4, ट्रॅब 4 आणि हाताला कशीबशी लागणारी ग्रंथी घेऊन आला, तर त्याचे गुण शून्य भरतात. हे आकडे गटाचे आहेत. माधुरी त्या तिसरीतली निघणार नाही, असं कुणीही सांगू शकत नाही. ट्रॅबची चाचणी करणारी यंत्रं वेगवेगळी असतात, एका लॅबचे 11 दुसरीकडे 11 च येतील असं नाही. सिगारेट या स्कोअरमध्ये नाही, पण ती ओढणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याची शक्यता वाढते आणि डोळ्यांचा त्रासही बळावतो.

समजा माधुरीने गोळ्यांचा मार्ग निवडला आणि 30 मिलिग्रॅमने सुरुवात झाली. सहा आठवड्यांनी टी-फोर 1.5 वर आलं, म्हणजे नॉर्मल. टीएसएच मात्र अजून 0.01. इथे हमखास चूक होते. टीएसएच खाली पाहून कुणी डोस वाढवतं, पण टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने दबलेलंच राहू शकतं. सुरुवातीच्या काळात डोस ठरतो तो टी-फोर आणि टी-थ्री पाहून. ते लक्षात न घेतल्यास तिसऱ्या महिन्यात रुग्णाला थंडी वाजू लागते, वजन भराभर वाढतं आणि डोळेही बिघडू शकतात. म्हणून तिचा डोस 30 वरून 20, मग 10 आणि शेवटी 5 वर आणला.

आणखी एक फसवी गोष्ट केसांच्या गोळ्यांची. त्यांतल्या बायोटिनमुळे काही यंत्रांवर टी-फोर आणि ट्रॅब खोटेच जास्त आणि टीएसएच खोटंच कमी दिसतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस या गोळ्या बंद ठेवाव्यात आणि आपण त्या घेतो हे डॉक्टरांना सांगावं.

दीड वर्षाने खरा निर्णय येतो. गोळी थांबवण्याआधी ट्रॅब पुन्हा तपासायला हवं. खर्चाचं कारण सांगून नेमकी हीच चाचणी पुष्कळदा टाळली जाते. ट्रॅब नॉर्मल झालं असेल तर गोळी थांबवून पाहता येते, तरीही काही जणांमध्ये आजार परततोच. ते अजून वाढलेलं असेल तर गोळी थांबवणं म्हणजे आजाराला आमंत्रण. मग रेडिओआयोडिन, शस्त्रक्रिया, नाही तर लहान डोस पुढे चालू, हे तीन मार्ग उरतात. तिसऱ्या मार्गाला तेहरानमधल्या अभ्यासाने 2019 मध्ये वजन दिलं. पाच ते दहा वर्षं लहान डोस घेतलेल्यांपैकी औषध थांबवल्यावर चार वर्षांत 15 टक्क्यांमध्ये आजार परतला. दीड-दोन वर्षांत थांबलेल्यांमध्ये तोच आकडा 53 टक्के होता. डोस किती मोठा, यापेक्षा औषध किती काळ दिलं याचा परिणाम जास्त दिसतो.

गोळी सुटली की पहिलं वर्ष सांभाळायचं, कारण बहुतेकांमध्ये आजार उलटतो तो याच काळात. दर दोन-तीन महिन्यांनी टी-फोर आणि टीएसएच तपासून घ्या. गोळी चालू असताना, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, घसा जोरात दुखून ताप आला तर पुढची गोळी घेऊ नका. त्याच दिवशी सीबीसी करून पांढऱ्या पेशी पाहा. हजारात दोन ते पाच रुग्णांमध्ये त्या एकदम घसरतात आणि उशीर जिवावर बेततो.