क्रिएटिनचा डबा उघडण्याआधी

समजा, रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आहेत. दोन वर्षांपूर्वी एका रात्री त्यांच्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला, चादरीचा स्पर्शही सोसेना. निदान झालं गाउट, युरिक ॲसिड ८.२. आता ते जिमला जातात आणि ट्रेनर म्हणतो, ‘काका, रोज पाच ग्रॅम क्रिएटिन सुरू करा.’

ट्रेनरचं अगदीच चुकतं असं नाही. युरिक ॲसिड तयार होतं ते प्युरीनपासून. क्रिएटिन प्युरीन नव्हे. ते तीन अमिनो आम्लांपासून आपलं शरीर स्वतःच बनवतं. रोज ३ ते ५ ग्रॅमने युरिक ॲसिड चढतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मात्र हे अभ्यास बहुतांशी निरोगी, तरुण माणसांवर झालेत. गाउटच्या रुग्णांवर फारसे नाहीत.

खरी गडबड होते ती रिपोर्टात. क्रिएटिन झिजून क्रिएटिनीन होतं, आणि त्याच क्रिएटिनीनवरून लॅब मूत्रपिंडाची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढते. आपल्या गृहस्थांचं क्रिएटिनीन आधी १.१ होतं, म्हणजे ईजीएफआर साधारण ८४. पावडर सुरू केल्यावर ते १.३ झालं, की हिशेब थेट ६९वर येतो. मूत्रपिंडाला काहीही झालेलं नसताना! उलटही घडू शकतं: मूत्रपिंड खरोखर बिघडत असतं आणि घरचे म्हणतात, ‘पावडरमुळे वाढलंय, सोडा.’ मला ही दुसरी चूक जास्त धोक्याची वाटते.

गाउटवाल्याला हा घोळ परवडत नाही, कारण युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचं बरंचसं काम मूत्रपिंडच करतं आणि अनेकांत ते आधीच थकलेलं असतं. ॲलोप्युरिनॉल किती मात्रेने सुरू करायचं, कोल्चिसिन किती द्यायचं, हेही डॉक्टर मूत्रपिंड पाहूनच ठरवतात. म्हणून डबा उघडण्याआधी क्रिएटिनीन, युरिक ॲसिड आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ते आकडे हाताशी असले की पुढची तुलना करता येते. शंका उरलीच तर डॉक्टर सिस्टॅटिन सी ही तपासणी सांगतात. तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. किंवा पावडर काही आठवडे बंद ठेवून क्रिएटिनीन पुन्हा पाहतात.

डॉक्टरांना चालू गोळ्यांची यादीही दाखवावी. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी स्वतःच युरिक ॲसिड चढवते. त्यात रायपूरचा मे महिना: पारा चव्वेचाळीसवर, अंगातून घामाच्या धारा आणि दुपारभर पाणी प्यायचं राहून गेलेलं. अशा कोरडेपणातच गाउट उसळतो आणि नाव मात्र डब्याचं होतं. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम घ्यायची ‘लोडिंग’ची पद्धत तर अशा माणसाने टाळलेलीच बरी. ती फक्त स्नायू लवकर भरण्यासाठी असते. रोजच्या लहान मात्रेनेही महिनाभरात तेवढाच साठा होतो. आणि अंगठा सुजलेला असताना किंवा युरिक ॲसिडची गोळी नुकतीच सुरू झाली असताना नवं काहीच सुरू करू नये. पुढे त्रास झाला तर तो कशाने झाला, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.