क्षेत्रफळ अंदाजे, पण चूक किती ते नक्की

1/x या वक्राखालचे, x = १ पासून x = २ पर्यंतचे क्षेत्रफळ किती? बारावीचा विद्यार्थी लगेच सांगेल, log 2. हे उत्तर बरोबरच आहे, पण ती संख्या किती? लॉग कोष्टक किंवा गणकयंत्र हाताशी नाही असे समजू आणि फक्त बेरीज, गुणाकार, भागाकार वापरून ती काढू.

१ ते २ या अंतराचे आपण चार सारखे भाग करू. प्रत्येक भागाची रुंदी h = ०.२५. विभाजनबिंदूंवर वक्राची उंची अनुक्रमे १, ०.८, ०.६६६६६७, ०.५७१४२९ आणि ०.५ येते. शेजारशेजारच्या उंचींची टोके सरळ रेषांनी जोडली की चार समलंब चौकोन मिळतात. त्यांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेत दोन्ही टोकांच्या उंची निम्म्या आणि मधल्या पूर्ण धरल्या जातात:

०.२५ × (०.५ + ०.८ + ०.६६६६६७ + ०.५७१४२९ + ०.२५) = ०.६९७०२४

हे उत्तर खऱ्यापेक्षा जास्तच असणार, हे आकृती काढल्यावर दिसते. आपला वक्र खाली झुकलेल्या दोरीसारखा आहे आणि त्याचे बिंदू जोडणाऱ्या रेषा त्याच्या वरून जातात. पण जास्त म्हणजे किती?

त्यासाठी एक सोपा वक्र घेऊ: x², ० ते h. समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ h³/2, तर खरे क्षेत्रफळ h³/3. फरक h³/6. येथे द्वितीय विकलज २ आहे, म्हणून हा फरक h³/12 गुणिले द्वितीय विकलज असाही लिहिता येतो. इतर वक्रांसाठीही हेच सूत्र चालते, मात्र द्वितीय विकलजाची किंमत त्या पट्टीतल्या कोणत्या तरी बिंदूपाशी घ्यावी लागते. तो बिंदू आपल्याला माहीत नसतो, म्हणून आपण त्याची सर्वांत मोठी किंमत M घेतो. सर्व पट्ट्या मिळून:

त्रुटी ≤ (b − a) h² M / 12

1/x चा द्वितीय विकलज 2/x³. तो x = १ पाशी सर्वांत मोठा, म्हणजे २. त्रुटी ०.०१०४१७ पेक्षा जास्त नाही. log 2 ची खरी किंमत ०.६९३१४७, म्हणजे प्रत्यक्ष चूक ०.००३८७७ आहे. ती मर्यादेच्या आत आहे.

आता सरळ रेषांऐवजी अन्वस्त वापरू. अन्वस्त ठरायला तीन बिंदू लागतात, म्हणून पट्ट्या दोन-दोनच्या जोडीने घ्याव्या लागतात आणि त्यांची संख्या सम असावी लागते. प्रत्येक जोडीत उंचींना १, ४, १ असे गुणक येतात आणि बेरजेला h/3 ने गुणायचे. यालाच सिम्पसनचा नियम म्हणतात:

(०.२५ ÷ ३) × (१ + ३.२ + १.३३३३३३ + २.२८५७१४ + ०.५) = ०.६९३२५४

उंची त्याच पाच, पण चूक आता फक्त ०.०००१०७. येथे मर्यादेचे सूत्र असे आहे:

त्रुटी ≤ (b − a) h⁴ K / 180

K ही चतुर्थ विकलजाची सर्वांत मोठी किंमत. आपल्या उदाहरणात 24/x⁵ ची सर्वांत मोठी किंमत २४, म्हणून मर्यादा ०.०००५२१. त्रिघाती बहुपदीचा चतुर्थ विकलज शून्य असल्यामुळे तिच्यासाठी हा नियम अचूक उत्तर देतो. अन्वस्त द्विघाती असूनही एक घात फुकट पदरात पडतो!

मर्यादेचा खरा उपयोग आकडेमोड सुरू करण्यापूर्वी होतो. समजा, चूक ०.००००५ पेक्षा कमी हवी. सूत्रे सांगतात की समलंबी नियमाला ५८ पट्ट्या घेतल्या की खात्री मिळते, सिम्पसनला ८ च पुरतात.

मग सिम्पसनचा नियम नेहमीच असा सरस ठरतो का? ० ते १ या अंतरात √x घेऊन पाहा. खरे उत्तर ०.६६६६६७. चार पट्ट्यांनी ०.६५६५२६ आणि आठ पट्ट्यांनी ०.६६३०७९ मिळते. h निम्मा केल्यावर चूक साधारण सोळाव्या हिश्शावर यायला हवी होती, पण ती २.८ पटींनीच घटली. कारण शून्यापाशी वक्र उभा चढतो, तेथे विकलज अमर्याद वाढतात, K ला किंमतच उरत नाही आणि मर्यादेचे सूत्र लागू पडत नाही. म्हणून h निम्मा करून पाहावा. चूक अपेक्षेप्रमाणे घटत नसेल, तर वक्रात कोठे तरी अशी जागा आहे असे समजावे.

येथे उपायही सोपा आहे. x = t² मांडले की √x dx चे 2t² dt होते, आणि ही तर अन्वस्तच. आता दोनच पट्ट्या घेऊन सिम्पसनचा नियम लावा, उंची ०, ०.५ आणि २. उत्तर नेमके २/३ येते.