सुटलो! आता पाच वाजता रंकाळ्यावर

दहावीच्या वेळापत्रकात बहुतेक वर्षी शेवटचा पेपर भूगोलाचा असतो. चाळीस गुण, दोन तास आणि शेवटी मिळणारी जादा दहा मिनिटं. म्हणजे एक वाजून दहा मिनिटांनी घंटा होते आणि मार्चच्या उन्हात मुलं शाळेच्या फाटकातून बाहेर पडतात. बाहेर येताच पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कसा गेला?’ दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो, ‘तिसऱ्याचं बी काय लिहिलंस?’ दप्तरातली प्रश्नपत्रिका बाहेर निघते, चार डोकी तिच्यावर वाकतात आणि त्यातल्या एकाचा चेहरा हळूहळू उतरतो.

ही चर्चा पहिल्या पेपरनंतर झाली तर निदान पुढच्या पेपरला वेळ कसा वाटून घ्यायचा एवढं तरी कळतं. शेवटच्या पेपरनंतर तिचा तेवढाही उपयोग नसतो. उत्तरपत्रिका हातातून गेलेली असते. आपण नेमकं काय लिहिलं हे घाईत लिहिणाऱ्याला शब्दशः आठवतही नाही. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचं उत्तरच बरोबर असेल असं वाटू लागतं. मग दोन गुणांच्या एका प्रश्नाची रुखरुख निकालापर्यंत मागे लागते. म्हणून मित्रमंडळींच्या ग्रुपवर दुपारी जाणारा एक साधा मेसेज नीट लिहिणं मोलाचं आहे. त्यावर त्या दिवसाची संध्याकाळ ठरते.

कोल्हापुरातल्या सहा जणांचा ग्रुप डोळ्यांपुढे आणू. त्यातला एक जण घाईत लिहितो, ‘संपली परीक्षा! आज भेटू सगळे. पेपरबद्दल कुणी बोलायचं नाही!’ हेतू चांगला, पण मेसेज लंगडा. कुठे, किती वाजता, किती खर्च, यातलं काहीच त्यात नाही. त्यामुळे ‘कुठे?’, ‘बघतो’, ‘आईला विचारते’ अशी उत्तरं येत राहतात, आणि त्या रिकाम्या वेळात कुणीतरी प्रश्नपत्रिकेचा फोटो टाकतो. दुसरी अडचण त्याहून खोल आहे. ‘बोलायचं नाही’ एवढंच सांगितलं की मन नेमकं तिकडेच धावतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये हे एका साध्या प्रयोगातून दाखवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि तरीही तो आला तर घंटी वाजवा. घंटी पुन्हा पुन्हा वाजली. नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी विचार दाबणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्तच येऊ लागलं. त्याच संशोधनात एक उपायही दिसला. अस्वलाऐवजी लाल मोटारीचा विचार करा, असं सांगितल्यावर नंतरची उसळी कमी झाली. आपल्या मेसेजलाही अशी एक लाल मोटार हवी. पेपर नको असेल, तर त्याच्या जागी काय, हे त्यात आधी यायला हवं.

आता तोच मेसेज असा लिहून पाहू:

‘मंडळी, सुटलो! आधी जेवा, झोपा. पाच वाजता रंकाळा चौपाटीवर, भेळेच्या गाड्यांपाशी. भेळ आणि उसाचा रस, साठ रुपयांत भागेल, टीटीएमएम. कुणाकडे नसले तर मला एकट्याला मेसेज टाका, तरीही यायचंच. मी बॅट आणतोय, बॉल कोण आणणार? प्रत्येकानं सुट्टीत करायची एक भन्नाट गोष्ट सांगायची. पेपर, गुण, कॉलेज या तीन शब्दांना आज सुट्टी. चुकून बोललात तर सगळ्यांसमोर एक गाणं! साडेसातला सगळे घरी. सहापर्यंत आलात तरी चालेल. लई मजा करू!’

यातला प्रत्येक तुकडा आपलं काम करतो. ‘सुटलो’ हा आनंद सगळ्यांचा आहे. त्याजागी ‘काय सोपा होता ना!’ असतं, तर ज्याला पेपर अवघड गेला तो तिथल्या तिथे गप्प झाला असता. कौतुकाचा वाटणारा ‘तुझा तर मस्तच गेला असेल’ हासुद्धा परीक्षेचाच विषय आहे. आनंद संपल्याचा असावा, कसं झालं याचा नको.

पाचची वेळ मुद्दाम आहे. रात्री जागून अभ्यास केलेली मुलं दीडच्या उन्हात उपाशीपोटी भेटली की चिडचिड होते, आणि थकलेलं मन लवकर काळजीकडे वळतं. जेवण आणि झोप झाली की तीच मुलं वेगळी दिसतात. परतायची वेळ लिहिली की घरच्यांना विचारणं सोपं होतं, विशेषतः मुलींना. टीटीएमएम, म्हणजे ‘तू तुझे, मी माझे’, हे आकड्यासकट आधीच कळलं की भेळेच्या गाडीपाशी कुणाला ओशाळं व्हावं लागत नाही. ‘बॉल कोण आणणार?’ या प्रश्नाला उत्तर देताना येणं आपोआप पक्कं होतं आणि ग्रुपवरची चर्चा प्रश्नपत्रिकेकडून मैदानाकडे वळते.

दंड मात्र जपून ठरवावा. पैशांचा दंड ठेवला, तर ज्याच्या मनात सल आहे त्याच्याच तोंडून विषय निघतो आणि त्यालाच भुर्दंड बसतो. गाणं हलकं असतं, त्यानं विषयही बदलतो. ज्याला गाणं नको, त्यानं सगळ्यांसाठी पाणी आणावं.

एवढं करूनही संध्याकाळी कुणीतरी म्हणेलच, ‘तो नकाशाचा प्रश्न…’ त्याच्यावर सगळ्यांनी ओरडू नये. ‘तुझी बॅटिंग आली’ एवढं म्हटलं की पुरतं. पण बोलणारा कसा बोलतो, हे ओळखायला हवं. हसत विषय निघाला तर ती सवय आहे. भेळ तशीच ठेवून कुणी पाण्याकडे बघत बसला असेल, एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा येत असेल किंवा ‘घरी काय सांगू?’ म्हणत असेल, तर नियम बाजूला ठेवावा. नियम चव्हाट्यावरच्या चर्चेसाठी आहे, मित्राचं तोंड बंद करण्यासाठी नाही. एकानं त्याच्याबरोबर तळ्याच्या कडेनं फेरी मारावी आणि मध्ये न बोलता ऐकावं. ‘काही होत नाही रे’ म्हणण्यापेक्षा ‘कशाची भीती वाटते?’ असं विचारावं. जगणंच नकोसं झाल्यासारखं तो बोलला, तर त्याला एकटं सोडू नये, घरच्या मोठ्या माणसाला लगेच सांगावं. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांची मॅच तोवर चालू राहू द्यावी. दोघं फेरी मारून परत येतील तेव्हा कुणीतरी रसाचे दोन ग्लास बाजूला काढून ठेवलेले असावेत, आणि ‘काय बोलत होता?’ असं कुणी विचारू नये.