आजोबा ‘असू दे’ म्हणाले, आता काय करायचं?

परदेशात वाढणाऱ्या मुलांना विमानात बसण्यापूर्वी हमखास बजावलं जातं, “सगळ्यांच्या पाया पड हं.” सगळे म्हणजे कोण आणि वाकल्यावर पुढे काय, हे मात्र कुणी सांगत नाही. इथली मुलं दसऱ्याला सोनं देताना, संक्रांतीला तिळगूळ घेताना चुलतभावंडांकडे बघून शिकतात. तिथे बघायलाच कुणी नसतं. म्हणून घरी एक तालीम घ्यावी.

समजा, न्यू जर्सीतली आठ वर्षांची मुलगी दिवाळीला पुण्याला निघाली आहे. बाबांनी आजोबा होऊन सोफ्यावर बसावं. मुलीने बूट काढून समोर यावं, “आजोबा, नमस्कार करते” म्हणावं, कमरेतून वाकून दोन्ही हातांनी दोन्ही पावलांना स्पर्श करावा. गुडघ्याला हात लावून पळणं हा तरुण मंडळींचा शॉर्टकट. तो तिला शिकवू नये. मग बाबांनी म्हणावं, “असू दे, असू दे.”

गाडी अडते ती इथेच. समोरचा नको म्हणाला की थांबायचं, हे शाळेने तिच्यावर बिंबवलंय आणि ते योग्यच आहे. तेव्हा तिला खूण सांगावी: आजोबा ‘असू दे’ म्हणताना पाय जागेवरच ठेवतात, हात तुझ्या डोक्याकडे आणतात. म्हणजे नमस्कार पूर्ण कर. पाय मागे घेतले किंवा खांदे धरून तुला उभं केलं, तर थांब आणि हात जोड. आशीर्वाद मिळेपर्यंत वाकूनच राहा. झटकन उठलीस तर डोकं त्यांच्या हनुवटीवर आपटेल. ‘औक्षवंत हो’, ‘मोठी हो’ यावर थँक्यू म्हणायची गरज नाही, हसलीस तरी पुरे.

“पण पाय तर घाण असतात ना?” हा प्रश्न येणारच. त्यावर रागावू नये. “हो, म्हणूनच. शरीरातल्या सगळ्यात खालच्या भागाशीही आपण तुमच्यापुढे वाकतो, असं त्यातून सांगायचं असतं. नंतर हात धुतलेस तरी चालेल.”

शेजारचे काका, बाबांचे मित्र, लिफ्टमध्ये भेटलेल्या आजी यांना हात जोडून ‘नमस्कार’ पुरतो: तळवे छातीशी जुळवायचे, मान किंचित झुकवायची. सगळे एकत्र बसले असतील तर आधी देवाला, मग वयाने सर्वांत मोठ्यांना. कुणी आडवं झालं असेल तर पाया पडू नये, बऱ्याच घरांत ते अशुभ मानतात. आजारी आजी पलंगावर असतील तर हात जोडावेत.

वयाचा हा नियम सगळीकडे लागू नाही, हेही तिच्या कानावर घालावं. वारीत म्हातारे वारकरीही लहानांच्या पाया पडतात. असे एखादे आजोबा तिच्यापुढे वाकले, तर तिने घाबरून मागे सरू नये. तिनेही वाकावं.