ग्राहक समूहन: पद्धतीची निवड व सिल्हूट गुणांक

ग्राहक समूहन म्हणजे खरेदीच्या सवयींत साम्य असलेल्या ग्राहकांचे गट केवळ आकडेवारीवरून शोधण्याची प्रक्रिया होय. यासाठी के-मीन्स व श्रेणीबद्ध समूहन या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. मिळालेले गट परस्परांपासून कितपत वेगळे आहेत, हे सिल्हूट गुणांकाने मोजतात. मात्र सर्वाधिक गुणांक देणारी विभागणी व्यवहारात सर्वांत उपयुक्त असतेच असे नाही.

## पद्धतींतील फरक

के-मीन्समध्ये गटांची संख्या आधी द्यावी लागते. प्रत्येक ग्राहक जवळच्या केंद्रबिंदूच्या गटात घातला जातो आणि त्या गटाच्या सरासरीवरून केंद्रबिंदू पुन्हा काढला जातो. गट बदलेनासे होईपर्यंत हे दोन टप्पे चालू राहतात.

श्रेणीबद्ध समूहनात आरंभी प्रत्येक ग्राहक हाच एक गट असतो. पुढे सर्वांत जवळचे दोन गट क्रमाक्रमाने जोडले जातात आणि जोडणीचे अंतर डेंड्रोग्राम या वृक्षाकृतीत दिसते. त्यामुळे गटांची संख्या नंतर ठरवता येते. परंतु सामान्यतः सर्व जोड्यांमधील अंतरे लागत असल्याने १०,००० ग्राहकांसाठी सुमारे ५ कोटी, तर १ लाख ग्राहकांसाठी सुमारे ५०० कोटी अंतरे काढावी लागतात. म्हणून मोठ्या संख्येसाठी के-मीन्स सोयीचे ठरते.

## सिल्हूट गुणांक

हा गुणांक पीटर रूसो यांनी १९८७ मध्ये मांडला. एका ग्राहकाचे स्वतःच्या गटातील इतरांपासूनचे सरासरी अंतर a आणि सर्वांत जवळच्या दुसऱ्या गटापासूनचे सरासरी अंतर b असल्यास:

```
s = (b - a) / max(a, b)
```

मूल्य −१ ते १ यांदरम्यान असते. ऋण मूल्य असल्यास तो ग्राहक चुकीच्या गटात असण्याची शक्यता असते. एकाच सदस्याच्या गटासाठी मूल्य ० धरतात.

## उदाहरण

सात काल्पनिक ग्राहकांचा मासिक खर्च हजार रुपयांत १, २, ३, ७, ८, ९ व ४० आहे. के-मीन्सने दोन गट केल्यास ४० वेगळा पडतो आणि उरलेले सहा एकत्र राहतात. सरासरी गुणांक ०.७६ येतो. तीन गट केल्यास कमी, मध्यम व अतिशय जास्त खर्चाचे ग्राहक वेगळे होतात, पण गुणांक ०.६६ पर्यंत उतरतो. एका अतिदूरच्या ग्राहकामुळे b चे मूल्य फुगते आणि दोन खऱ्या गटांतील भेद झाकला जातो.

सरासरी अंतराने केलेल्या श्रेणीबद्ध समूहनात मात्र दोन्ही पातळ्या दिसतात: लहान गट १.५ अंतरापर्यंत पूर्ण होतात, ते ६ अंतरावर परस्परांना जुळतात आणि ४० हा ३५ अंतरावर जोडला जातो. ४० बाजूला ठेवून उरलेल्यांचे दोन गट केल्यास गुणांक ०.७७ येतो.

## मर्यादा

खर्च रुपयांत आणि भेटींची संख्या एककांत घेतल्यास मोठे आकडे अंतरावर वर्चस्व गाजवतात. म्हणून समूहनापूर्वी सर्व चलांचे प्रमाणीकरण करतात. सरासरी गुणांकासोबत प्रत्येक गटाचा आकार व त्याचा स्वतंत्र गुणांकही तपासणे आवश्यक असते.