यंदा चकली किती किलो?

दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्यांना दसऱ्याच्या आधीच एक आकडा ठरवावा लागतो: यंदा माल किती करायचा? कमी केला तर ऐन धनत्रयोदशीला गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं. जास्त केला तर भाऊबीजेनंतर उरलेल्या चकल्या मऊ पडतात, त्यांना खवट वास येऊ लागतो आणि त्या निम्म्या भावानेही खपत नाहीत. ‘गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्त’ हे बहुतेकांचं उत्तर असतं. हे ‘थोडं’ म्हणजे नेमकं किती, ते जुन्या वहीतून आणि साध्या सरासरीतून काढता येतं. मात्र वहीतले आकडे आधी नीट निवडून घ्यावे लागतात.

पहिली निवड तारखांची. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला आणि 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. ऑक्टोबरची विक्री ऑक्टोबरशी ताडून पाहिली, तर 2025 मध्ये धंदा कितीतरी वाढल्याचा भास होईल. म्हणून तारखेऐवजी ‘लक्ष्मीपूजनाला किती दिवस बाकी’ हे माप धरायचं.

दुसरं म्हणजे हिशेब किलोत ठेवायचा, रुपयांत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं आणि दिवाळीच्या तोंडावर तेल महागलं. तळणीच्या पदार्थांचा भाव वाढवलेल्या दुकानाचा गल्ला अशा वर्षी फुगतो. चकली तेवढीच खपलेली असते.

आता एक काल्पनिक दुकान घेऊ. त्याच्या वहीत चकलीची विक्री अशी आहे: 2023 मध्ये 200 किलो, 2024 मध्ये 189 आणि 2025 मध्ये 270. नुसत्या शेवटच्या दोन आकड्यांकडे पाहिलं तर एका वर्षात 81 किलोंची उडी दिसते आणि मालक यंदा साडेतीनशे किलोंची तयारी करून बसतो.

पण 2024 मध्ये माल दोन दिवस आधीच संपला होता. तेव्हा 189 हा आकडा मागणीचा नव्हे, शिलकीतल्या मालाचा आहे. आदल्या वर्षी शेवटच्या दोन दिवसांत एकूण विक्रीच्या दहा टक्के माल गेला होता. म्हणजे 189 किलो हे नव्वद टक्के धरले, तर खरी मागणी 210 किलोंची होती. 2025 ची गोष्ट उलटी आहे. त्या वर्षी एका कंपनीने कर्मचाऱ्यांना वाटायला एकरकमी 50 किलो नेले होते. ते वगळले की दुकानावरची विक्री 220 किलो उरते.

आता आकडे 200, 210 आणि 220 असे झाले. सरासरी 210. इथे एक चूक सहज होते: हीच सरासरी 2026 चा अंदाज म्हणून धरली जाते. तीन वर्षांची सरासरी मधल्या वर्षाची, म्हणजे 2024 ची, स्थिती सांगते आणि 2026 तिथून दोन वर्षं पुढे आहे. वाढ दरवर्षी दहा किलोंची, म्हणून 210 मध्ये वीस मिळवायचे. अंदाज 230 किलोंचा. कंपनीची ऑर्डर पक्की झाली, आगाऊ रक्कम हातात आली, तर ते 50 किलो वेगळे मिळवायचे; आशेवर नाही.

ही वाढही डोळे झाकून धरायची नसते. समोर नवं फराळाचं दुकान निघालं असेल तर वाढ शून्य धरून 210 वर थांबणं बरं. शेजारच्या नव्या इमारतींत लोक राहायला आले असतील तर 250 पर्यंत जाता येईल. तीनच वर्षांच्या नोंदींवरून याहून मोठी झेप घेण्याला आधार नाही.

अंदाज एक आणि तयारी दोन टप्प्यांत, असं केलं की जोखीम कमी होते. भाजणी तळलेल्या चकलीपेक्षा जास्त टिकते, म्हणून ती 250 किलोंच्या हिशेबाने दळून ठेवता येते. तळण मात्र आधी दीडशे किलोंचंच करायचं. समजा, या दुकानात दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या रात्रीपर्यंत चाळीस टक्के माल जातो. 230 च्या हिशेबाने तोवर 92 किलो जायला हवेत. प्रत्यक्षात 76 च गेले, तर मागणी 190 च्या आसपास थांबेल आणि उरलेले घाणे आखडते घ्यावे लागतील. शंभरावर गेले, तर त्याच रात्री आचाऱ्याला आणखी एक दिवस सांगून ठेवायचं.

पुढच्या वर्षीसाठी वहीत विक्रीशेजारी आणखी दोन रकाने लागतात: माल कोणत्या दिवशी, किती वाजता संपला आणि किती किलो उरला.