लाइन उभी नाही ना? मग साडेबारानंतर

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिथला मेंटेनन्स मॅनेजर सोमवारी सकाळी साडेआठला गेटातून आत येतो, तोवर त्याचा दिवस इतरांनी आपापसांत वाटून घेतलेला असतो. कंप्रेसर बंद पडलाय, हवेचा दाब उतरलाय आणि एक लाइन उभी आहे. सात नंबरच्या सीएनसी मशीनच्या स्पिंडलला आवाज येतोय, पण मशीन चालू आहे. गुरुवारी कस्टमर ऑडिट आहे, त्यासाठी क्वालिटीला देखभालीच्या सगळ्या चेकशीट पूर्ण हव्यात. परचेसला तीन कोटेशनांच्या तुलनेवर आजच सही पाहिजे. एचआरला ट्रेनिंगची हजेरी संध्याकाळपर्यंत हवी. आणि प्लांट हेडना महिन्याभराच्या ब्रेकडाउनचे आकडे 'लगेच' हवेत.

अशा वेळी बहुतेक जण ज्याचा फोन शेवटी आला त्याच्यामागे धावतात. यावरचा एक जुना उपाय अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जातो. 1954 मध्ये इव्हान्स्टन इथल्या भाषणात त्यांनी तातडीचे आणि महत्त्वाचे प्रश्न वेगळे असतात, असं सांगितलं होतं. तेही एका माजी कॉलेज अध्यक्षांचं म्हणणं म्हणून. त्याची चार खणांची चौकट घरोघरी पोचली ती स्टीफन कव्ही यांच्या 1989 सालच्या पुस्तकामुळे. तातडीचं आणि महत्त्वाचं पहिल्या खणात, महत्त्वाचं पण घाई नसलेलं दुसऱ्यात, नुसतंच घाईचं तिसऱ्यात, आणि दोन्ही नसलेलं चौथ्यात.

चौकट काढायला एक मिनिट पुरतं. अवघड जातं ते काम योग्य खणात टाकणं, कारण मागणारा प्रत्येक जण आपलं काम अर्जंट म्हणूनच आणतो. म्हणून आमच्या मॅनेजरने 'अर्जंट आहे का?' हे विचारूच नये. त्याने दोन गोष्टी विचाराव्यात: हे आज झालं नाही तर नेमकं काय अडेल, आणि गुरुवारी झालं तर चालेल का? परचेसला असं विचारल्यावर कळतं, की पुरवठादाराचा दर महिनाअखेरपर्यंत कायम आहे. 'आज' ही परचेसच्या माणसाची स्वतःची सोय. एचआरची हजेरी खरोखरच संध्याकाळपर्यंत हवी आहे, पण ती भरायला मॅनेजर कशाला? सुपरवायझर भरेल. दोन्ही कामं तिसऱ्या खणात गेली. कंप्रेसर अर्थातच पहिल्यात. प्लांट हेडना विचारायला जरा धीर लागतो. पण "साहेब, मीटिंग किती वाजता आहे?" एवढं विचारलं तरी 'लगेच'चं बऱ्याचदा 'उद्या दहापर्यंत' होतं.

राहिला तो स्पिंडलचा आवाज. माझ्या मते या यादीतलं सगळ्यात मोलाचं काम तेच, आणि नेमकं तेच मागे पडणार. मशीन चालतंय, माल निघतोय, मग ओरडणार कोण? आवाज बेअरिंगचा असला तर ते झिजत जाणार आणि एखाद्या रात्रपाळीत जाम होणार. ते बाहेरून मागवावं लागलं तर काही आठवडे मशीन उभं. आज दोन तास काढून कंपन तपासलं, ग्रीसिंग नाहीतर कूलंटची गळती पाहिली, बेअरिंगची ऑर्डर टाकली आणि सुट्टीच्या दिवशी बदलायचं ठरवलं, तर हे काम दुसऱ्या खणातच मिटतं. सोडून दिलं तर ते आपल्या पायांनी पहिल्या खणात चालत येतं.

माणूस घाईच्या कामाकडे ओढला जातो, याचा अभ्यासही झाला आहे. 2018 मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये आलेल्या एका संशोधनात असं दिसलं, की थोडाच वेळ उपलब्ध असलेलं काम लोक निवडतात, त्यातून मिळणारा मोबदला कमी असला तरी. म्हणजे चौकट भरूनही दुसरा खण तसाच पडून राहू शकतो. त्या खणातल्या कामाला घड्याळात जागा द्यावी लागते. टाइम ब्लॉकिंग म्हणतात ते हेच: काम यादीत न ठेवता कॅलेंडरवर ठेवायचं, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत.

कॉर्पोरेट सल्लागार पहाटेचा नाहीतर सकाळचा पहिला तास राखायला सांगतात. शॉपफ्लोअरवर तो सल्ला पहिल्याच दिवशी मोडतो, कारण रात्रपाळीचं सगळं उरलंसुरलं सकाळीच अंगावर येतं. आधी आठवडाभर फोन कधी येतात ते वहीत टिपावं. पाळी सुरू होताना आणि बदलताना ते दाटतात, मधे थोडी शांतता असते. आपल्या मॅनेजरला ती साडेदहा ते साडेबारा मिळाली असं धरू. सोमवारी तिथे स्पिंडल, मंगळवारी आणि बुधवारी ऑडिटच्या चेकशीट. सकाळी दहापर्यंतचा वेळ मोकळाच ठेवायचा, ब्रेकडाउनसाठी. दुपारी अडीच ते साडेतीन हा तास सह्या, कोटेशनं, मेल आणि 'साहेब, दोन मिनिटं' यांचा.

इथे मोह होतो तो पूर्ण दिवस रंगीत चौकोनांनी भरून टाकण्याचा. तसं केलं की पहिल्या ब्रेकडाउनला सगळं कोसळतं आणि बुधवारपर्यंत कॅलेंडर उघडणंच बंद होतं. मेंटेनन्ससारख्या खात्यात निम्मा दिवस मोकळा ठेवला तरी तो वाया जात नाही. त्याला गिऱ्हाईक मिळतंच. शिवाय कामाला लागणारा वेळ आपण नेहमी कमीच धरतो. चेकशीटना तासभर वाटत असेल तर दोन राखाव्यात.

ब्लॉक टिकतो तो दार लावून नव्हे, नियम सांगून. त्या दोन तासांत फोन सुपरवायझरकडे. लाइन उभी असेल किंवा कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर त्याने सरळ आत यावं, बाकी सगळं फळ्यावर लिहावं. पहिले काही दिवस लोक कुरकुरतात. मग अडीचचा तास खरोखर पाळला जातोय हे दिसलं, की बरेच जण स्वतःच थांबतात. तो तास एकदा बुडाला मात्र, की सगळे पुन्हा साडेदहाला दारात.

ब्लॉक मोडला तर तो पुसायचा नाही, त्याच आठवड्यात दुसरीकडे हलवायचा. एकच काम तीन आठवडे हलतंय असं दिसलं तर एक तर ते तितकं महत्त्वाचं नाही, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला द्यायला हवं. शुक्रवारी एक छोटी तपासणीही करावी: या आठवड्यात पहिल्या खणात आलेली कामं महिन्याभरापूर्वी कुठे होती? कंप्रेसरचं फिल्टर बदलायचं राहिलं होतं, म्हणून तो सोमवारी बंद पडला असेल, तर ते काम दुसऱ्या खणातून निसटलं होतं. अशी कामं कमी होत गेली तर पद्धत चालतेय असं समजावं. फोनांची संख्या घटली की वाढली, यावरून काही कळत नाही.

एका ठिकाणी ही चौकट हात टेकते. प्रॉडक्शन हेड आणि क्वालिटी हेड एकाच मंगळवारी एकाच माणसांवर हक्क सांगतात, आणि दोघांचंही काम खरोखर पहिल्या खणातलं असतं. तिथे मॅनेजरने रात्री उशिरापर्यंत थांबून दोन्ही ओढू नयेत. आठवड्याचं कॅलेंडर घेऊन दोघांसमोर, नाहीतर सरळ प्लांट हेडसमोर बसावं आणि सांगावं, "माझ्याकडे मंगळवारी दोन फिटर आणि चार तास आहेत. यात एकच बसतं. कुठलं बसवू?" ठरेल ते तिथल्या तिथे कॅलेंडरवर लिहावं, आणि मागे राहिलेल्या कामाची नवी तारीखही त्याच बैठकीत घ्यावी.